गोळी आधी की तपासणी आधी?

स्वयंपाक झाला असेल तर जरा टेकून बसा, नसेल तर भाजी चिरता चिरता ऐका. आज आपण रक्ताच्या तपासणीबद्दल बोलणार आहोत. ताकदीच्या गोळ्या सुरू करण्याआधी कोणती तपासणी करावी, कोणती करू नये आणि हातात आलेला कागद कसा वाचावा, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या गोष्टीपासून करू. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात काय झाले ते कोण विसरेल? बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. आधी डोक्याला खाज यायची आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. बायका, माणसे, लहान मुले, कोणीच सुटले नाही. पावणेतीनशेच्या आसपास लोकांना हा त्रास झाला. सुरुवातीला सगळ्यांचे बोट पाण्याकडे होते, कोणी बुरशी म्हणाले, कोणी शाम्पू म्हणाले. दिल्ली-चेन्नईपर्यंतचे तज्ज्ञ येऊन नमुने घेऊन गेले.

विंचूदंशावरच्या कामासाठी ज्यांना आपण ओळखतो ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या गावांतल्या लोकांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष सांगितला. लोकांच्या शरीरात सेलेनियम नावाचे खनिज कितीतरी पट जास्त सापडले आणि जस्त, म्हणजे झिंक, कमी सापडले. सेलेनियम आले कुठून, याचा माग त्यांनी रेशनच्या गव्हापर्यंत नेला. त्या गव्हात किलोमागे साधारण १४ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, असे त्यांनी सांगितले.

आता हा आकडा आपल्या ताटात मांडून पाहू. माणसाला दिवसाला साधारण ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. एक हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. एखाद्या बाईने दिवसभरात ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या, तर वरच्या हिशेबाने तिच्या पोटात चार मिलिग्रॅमहून जास्त सेलेनियम गेले. म्हणजे गरजेच्या शंभर पट.

ही गोष्ट आज काढायचे कारण वेगळे आहे. त्या दिवसांत आणि त्यानंतरही, केस गळतात म्हटले की मेडिकलमधून केसांची गोळी आणायची, अशी रीत पडली आहे. त्या गोळीच्या पाकिटामागचा बारीक मजकूर वाचा. बायोटिन असते, झिंक असते आणि अनेक गोळ्यांत सेलेनियमही असते. ज्या खनिजाच्या अतिरेकाने केस जातात, तेच खनिज केस यावेत म्हणून आपण विकत घ्यायचे! अमेरिकेत २००८ साली असे खरेच घडले. ताकदीच्या एका द्रवरूप औषधात कारखान्याच्या चुकीमुळे लिहिल्यापेक्षा दोनशे पट सेलेनियम पडले आणि दोनशे लोक आजारी झाले. त्यांचे केस गळले, नखे ठिसूळ झाली. ती माणसे तब्येत सुधारावी म्हणूनच ते पीत होती.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, गोळी ही खतासारखी आहे. कपाशीला कशाची कमतरता आहे ते न पाहता पोत्याने खत ओतले तर पीक जळते. शरीरात काय कमी आहे ते आधी पाहावे. आणि पाहायचे तर मोजकेच पाहावे.

आता आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, पण तिच्याच परवानगीने सांगतो. वय ३८. केस गळायचे, पण शेगावकडच्या लोकांसारखे तीन दिवसांत नाही. वर्षभर हळूहळू, कंगव्यात रोज थोडे थोडे. सोबत थकवा. "घागर उचलली का दम लागते वं बाई," म्हणायची. पायाला मुंग्या यायच्या. तिने आधी केसांच्या गोळ्या तीन महिने खाल्ल्या. मग कोणीतरी सांगितले म्हणून शहरातल्या एका लॅबमध्ये सत्तर तपासण्यांचे पॅकेज केले. अकरा पानांचा रिपोर्ट आला. त्यात सात ठिकाणी आकडे ठळक अक्षरांत होते, म्हणजे कमी किंवा जास्त. ताई घाबरून गेली. ज्या दुकानात रिपोर्ट दाखवला, तिथे सातही गोष्टींसाठी एकेक पाकीट देण्यात आले.

मग आम्ही तिला घेऊन सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी अकरा पाने बाजूला ठेवली. म्हणाल्या, तीन तपासण्या बघू, त्याही पुन्हा करू. त्या तीन तपासण्या आपण नीट समजून घेऊ, कारण आपल्यातल्या बहुतेक बायकांना त्याच पुरतात.

पहिली तपासणी सीबीसी. यात हिमोग्लोबिन येतेच, पण नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. बाई गरोदर नसेल तर हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त हवे. ८ ते ११ च्या दरम्यान असेल तर रक्तक्षय मध्यम आहे आणि ८ च्या खाली गेले तर गंभीर आहे. तिथे दुकान नाही, थेट दवाखाना. त्याच कागदावर खाली एमसीव्ही असे लिहिलेले असते. तो रक्ताच्या तांबड्या पेशींचा सरासरी आकार. ८० ते १०० हा साधारण बरोबर. लोह कमी असले की पेशी लहान राहतात आणि आकडा ८० च्या खाली जातो. बी-१२ किंवा फोलिक अ‍ॅसिड कमी असले की पेशी मोठ्या होतात आणि आकडा १०० च्या वर जातो.

ताईचे हिमोग्लोबिन ९.८ होते आणि एमसीव्ही ८६. म्हणजे आकार बरोबर. मग रक्त कमी कशाने? डॉक्टर मॅडमनी त्याच कागदावरच्या आणखी एका ओळीवर बोट ठेवले. आरडीडब्ल्यू. तो होता १९, आणि असायला हवा साधारण १५ च्या आत. मॅडम म्हणाल्या, ज्वारीचे दाणे सुपात घ्या. अर्धे बारीक आणि अर्धे टपोरे असले, तर सरासरी मध्यमच निघेल. पण सुपात पाहिले तर मध्यम दाणा दिसणार नाही. आरडीडब्ल्यू वाढलेला म्हणजे दाणे सारखे नाहीत. ताईच्या रक्तात लहान पेशीही होत्या आणि मोठ्याही. एका बाजूला लोह कमी आणि दुसऱ्या बाजूला बी-१२ कमी असले की असे होऊ शकते. ही शंका फिटवायला पुढच्या दोन तपासण्या.

दुसरी तपासणी फेरिटिन. हिमोग्लोबिन म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यातले धान्य आणि फेरिटिन म्हणजे कणगीतले. डबा भरलेला दिसतो, पण कणगी रिकामी झालेली असू शकते. आणि कणगी रिकामी झाली की थोड्याच दिवसांत डबाही रिकामा होतो. म्हणून हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधी फेरिटिन घसरते. आकडा १५ च्या खाली असेल तर लोह संपले हे नक्की. १५ ते ३० मध्ये असेल आणि थकवा असेल, पाळी जास्त जात असेल, तर अनेक डॉक्टर तेही कमीच मानतात. इथे फसगत होते ती अशी की, बऱ्याच लॅबच्या कागदावर खालची मर्यादा १० किंवा ११ छापलेली असते. मग १२ आकड्याच्या बाईला कागद म्हणतो, तुझे सगळे ठीक आहे. ताईचा आकडा ११ होता आणि तिच्या पहिल्या, अकरा पानी रिपोर्टात तो ठळकसुद्धा नव्हता. ठळक असलेल्या सात आकड्यांवर पैसे गेले आणि खरा आजार साध्या अक्षरांत बसून राहिला.

फेरिटिनची आणखी एक खोड आहे. अंगात ताप असेल, जखम चिघळलेली असेल, सांधे सुजलेले असतील, तर हा आकडा खोटाच वाढतो. कणगी रिकामी असून भरलेली दिसते. अशा वेळी ५० आला तरी लोह पुरेसे आहे असे म्हणता येत नाही. म्हणून ताप उतरल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग रक्त द्या. आणि काही ठिकाणी फेरिटिनऐवजी नुसते सीरम आयर्न करतात. तो आकडा जेवणाने आणि काल घेतलेल्या गोळीनेही वरखाली होतो. एकट्या त्यावर भरवसा ठेवू नका.

तिसरी तपासणी बी-१२. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूधदुभत्यातून मिळते. भाकरी, डाळ आणि पालेभाजीत ते नसते. माळकरी घरातल्या, दूध-दही घरात असूनही शेवटी वाटीभर ताकच वाट्याला येणाऱ्या बायकांत ते कमी असणे नवल नाही. साखरेच्या आजारासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि वर्षानुवर्षे सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेणाऱ्या बायकांतही ते कमी होते. बहुतेक ठिकाणी २०० च्या खाली आकडा म्हणजे कमी समजतात. २०० ते ३०० म्हणजे उंबरठ्यावर. तिथे पायाला मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा, जीभ सोलल्यासारखी होणे अशी लक्षणे आहेत का, हे पाहून डॉक्टर ठरवतात. ताईचा आकडा १४८ आला. मुंग्यांचे कारण सापडले.

आता इथे एक गोष्ट गाठ मारून ठेवा. आशाताई देतात त्या लाल गोळीत लोह आहे आणि फोलिक अ‍ॅसिड आहे, पण बी-१२ नाही. ताईने नुसती तीच गोळी खाल्ली असती तर हिमोग्लोबिन थोडे वर आले असते, कागद सुधारला असता, पण आतल्या आत नसांचे नुकसान चालूच राहिले असते. म्हणून मुंग्या येत असतील तर लोहाच्या जोडीला बी-१२ पाहायलाच हवे. पण याचा उलटा अर्थ काढू नका. गरोदर बाईने लाल गोळीसाठी कोणत्याही रिपोर्टची वाट पाहायची नाही. तिला ती रोज, सहा महिने हवीच. थांबायचे ते फक्त जिला आधीच सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा आजार सांगितलेला आहे तिने, आणि तेही डॉक्टरांना विचारण्यापुरते.

ताईला बी-१२ ची इंजेक्शने आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी चहासोबत नाही, लिंबूपाण्यासोबत. कॅल्शियमची गोळी असेल तर दोन तासांच्या अंतराने. पाळीत अंगावरून जास्त जात होते, त्याचाही इलाज सुरू झाला, कारण तळाला भोक असलेल्या कणगीत कितीही ओतले तरी ती भरणार नाही. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.१ झाले. तीन महिन्यांनी १२.४ आणि फेरिटिन ३८. हिमोग्लोबिन भरले म्हणून गोळी सोडायची नाही, हे मॅडमनी आधीच बजावले होते. डबा भरल्यावर कणगी भरायला आणखी तीनेक महिने लागतात. दम लागणे महिन्याभरात कमी झाले. मुंग्या जायला जास्त दिवस लागले आणि केसांना तर सगळ्यात जास्त.

महिनाभर नेमाने गोळी घेऊनही हिमोग्लोबिन एकनेही वाढले नाही तर? तर गोळी बदलून पाहत बसू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा. एखादीची एमसीव्ही खूप लहान, ७० च्या आत असते आणि फेरिटिन मात्र चांगले असते. तिच्यात लोह कमी नसते, थॅलेसेमियाचा वारसा असू शकतो. तिला हिमोग्लोबिनच्या प्रकारांची वेगळी तपासणी लागते. लोह खात राहून तिचे काहीच भले होत नाही.

आता न करण्याच्या तपासण्या. व्हिटॅमिन डी ची तपासणी सरसकट करू नका. बऱ्याच लॅबमध्ये ३० च्या खाली सगळे कमी छापतात, पण हाडांसाठी बहुतेकांना २० पुरते. म्हणून जिची तपासणी करावी तिचा आकडा कमीच निघतो आणि हातात ६०,००० युनिटचे पाकीट येते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, तेही सांगितले तेवढेच आठवडे. ताकदीचे आहे म्हणून कोणी ते रोज घेतले तर रक्तात कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठ, फार तहान, पुन्हा पुन्हा लघवी आणि पुढे किडनीला इजा. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या बायांनी तर हे फार जपावे. किडनीचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच ताकदीची गोळी घेऊ नये. ही तपासणी कोणाला हवी? जिची हाडे दुखतात, जिला खाली बसून उठताना मांड्यांत बळ राहत नाही, जिचे हाड साध्या पडण्याने मोडले, तिला.

झिंकची तपासणीही बहुतेकींना उपयोगाची नाही. जेवण, दिवसाची वेळ, साधा सर्दी-ताप, अगदी रक्त घेतलेली नळीसुद्धा तो आकडा हलवते. आणि सेलेनियम? एकट्या बाईचे केस हळूहळू गळत असतील तर अजिबात नको. पण एकाच वेळी तीन-चार घरांत, मुलाबाळांसकट, केस किंवा नखे जाऊ लागली, तर ती एकेकीची गोष्ट राहत नाही. मग आपापल्या खर्चाने लॅबमध्ये जायचे नाही. सगळ्यांनी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात लेखी कळवायचे. घरातला गहू, तांदूळ, डाळ आणि पाणी फेकून न देता थोडे थोडे वेगळे बांधून, त्यावर तारीख आणि कुठून आणले ते लिहून ठेवायचे. जिल्ह्यातल्या त्या गावांनी आपल्याला हेच शिकवले की, उत्तर रक्तात दिसले तरी कारण ताटात होते.

शेवटी रक्त द्यायला जाताना काय करायचे ते सांगतो. तपासणी गोळी सुरू करण्याआधी करा. बी-१२ चे इंजेक्शन एकदा घेतले की त्यानंतर पुष्कळ दिवस आकडा वर दिसतो, मग आधी कमी होते का ते कळत नाही. केसांची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा आणि रक्त देण्याआधी तीन दिवस बंद ठेवा. त्यातले बायोटिन काही मशीनना चकवते. फेरिटिन खोटे कमी येते, बी-१२ खोटे जास्त येते, थायरॉइडचा रिपोर्टही बिघडतो. आमच्या ताईच्या पहिल्या रिपोर्टात बी-१२ चांगले दाखवले होते. त्या वेळी तिच्या केसांच्या गोळ्या सुरूच होत्या. म्हणूनच मॅडमनी पुन्हा रक्त घ्यायला लावले होते.

सीबीसी सरकारी दवाखान्यात विचारा. बाकीच्या दोन तपासण्या तिथे होत नसतील तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर फक्त ती दोन नावे लिहून घ्या आणि लॅबमध्ये तेवढेच मागा. पॅकेज घ्या म्हणतील, स्वस्तात पडते म्हणतील. नको म्हणा. सत्तर तपासण्या केल्या की धडधाकट बाईच्याही दोन-चार तरी मर्यादेबाहेर येतातच.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने दोन गोष्टी आणाव्यात. घरात असेल तो जुना रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे. रिपोर्टावर तारीख बघू, हिमोग्लोबिन, एमसीव्ही आणि असेल तर फेरिटिन शोधू. पाकिटांवर कोणाच्या गोळीत काय आहे ते मोठ्याने वाचू. एकच गोष्ट तीन पाकिटांतून कोणाच्या पोटात जाते आहे, हे तिथेच कळेल. ताईही येणार आहे, तिचे दोन्ही कागद घेऊन.